आकारिकचे गुण मोजणं थांबवा

आठवीत मुलाला नापास करावं की नाही, हा वाद 2019 मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून धुमसतो आहे. 2023 मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली, 2024 च्या डिसेंबरात केंद्रानेही तसाच नियम केला, आणि शिक्षकांच्या बैठकांपासून लग्नाच्या पंगतींपर्यंत दोन तट पडले. एक म्हणतो, ‘ढकलपास’ने वाटोळं केलं, परीक्षेचा धाक हवाच. दुसरा म्हणतो, परीक्षा मुलांचा जीव घेते, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनच बरं होतं. मला दोन्ही बाजू एकाच चुकीच्या गृहीतकावर उभ्या दिसतात. मधल्या वर्षांत आपल्या शाळांमध्ये आकारिक मूल्यमापन, म्हणजे मुलाला काय कळलं ते बघून शिकवणं बदलण्यासाठीची तपासणी, झालं, असं दोघंही धरून चालतात. एकाच्या मते ते फसलं, दुसऱ्याच्या मते ते बरं चाललं होतं. माझं म्हणणं असं, की बहुसंख्य वर्गांत ते झालंच नाही. झालं ते छोट्या छोट्या तुकड्यांतलं संकलित मूल्यमापन, म्हणजे मुलाबद्दल निकाल देणारं, आणि त्याला नाव मिळालं आकारिक. ही गल्लत मिटवायची असेल तर एक काम आधी करायला हवं: प्रगतिपत्रकातून आकारिकचे गुण काढून टाका. श्रेणी द्यायची ती फक्त संकलितवर द्या.

हे ऐकून पहिला तट खूश होईल आणि दुसरा चिडेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत राज्यात आली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि ‘इतर’ अशी आठ साधनतंत्रं दिली गेली. कागदावर ही यादी चांगलीच आहे. पण त्याच निर्णयाने प्रत्येक इयत्तेचा भारांशही ठरवला. पहिली-दुसरीला आकारिक 70 आणि संकलित 30, तिसरी-चौथीला 60 आणि 40, पाचवी-सहावीला निम्मं निम्मं, सातवी-आठवीला 40 आणि 60. म्हणजे आठवीतल्या मुलीचा प्रयोग, तिने वर्गात दिलेलं उत्तर, तिचा स्वाध्याय, सगळ्याचे गुण होऊन ते 40 मध्ये बसतात आणि 60 मध्ये मिळवले जातात. ज्याची बेरीज शेवटच्या श्रेणीत जाते ते संकलितच झालं. ते जूनमध्ये घेतलं की मार्चमध्ये, तोंडी घेतलं की लेखी, याने काही फरक पडत नाही.

मग शिक्षक काय करणार? जे कोणीही शहाणा माणूस करील तेच. सत्र संपताना बसून साठ मुलांचे आठ रकाने भरायचे. वर्णनात्मक नोंदींसाठी बाजारात तयार पुस्तिका मिळतात, आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरतात त्या वेगळ्याच. ‘प्रयोगाचे साहित्य काळजीपूर्वक हाताळतो.’ ‘विज्ञानविषयक प्रश्न विचारतो.’ ‘परिसरातील घटनांचे निरीक्षण करतो.’ ही वाक्यं खोटी असतात असं नाही. ती कोणत्याही मुलाला, कोणत्याही धड्याला लागू पडतात, गोची तिथे आहे. नोंद कामाची आहे की नाही हे ओळखायची माझी कसोटी सोपी आहे: ती वाचून शिक्षकाने उद्याच्या तासाला काही वेगळं करायचं ठरतं का? ठरत नसेल तर ते कारकुनी काम आहे, शिक्षकावर लादलेलं.

आकारिक आणि संकलित ही दोन नावं शिक्षणशास्त्रात आली तीही याच अर्थाने. 1967 मध्ये मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनाबद्दल लिहिताना ती वापरली: अभ्यासक्रम अजून घडत असताना त्यात सुधारणा करण्यासाठी घेतलेला अंदाज वेगळा, आणि तो पूर्ण झाल्यावर त्याची किंमत ठरवण्यासाठी दिलेला निवाडा वेगळा. बेंजामिन ब्लूम यांनी पुढच्या काही वर्षांत ही विभागणी विद्यार्थ्यांना लावली. दोन्हींतला फरक हा उत्तराचं पुढे काय करायचं यातला फरक आहे. तोच प्रश्न दोन्हीकडे चालू शकतो. उत्तर बघून शिकवणं बदललं तर तो आकारिक, उत्तर बघून मुलाबद्दल निकाल दिला तर तो संकलित.

आठवीच्या विज्ञानात ‘धारा विद्युत आणि चुंबकत्व’ हा धडा आहे. विभवांतर, कोरडा विद्युत घट, साधा परिपथ, घटांची जोडणी, शेवटी विद्युत घंटा. या धड्याच्या शेवटी ‘विद्युतधारा म्हणजे काय?’ असा प्रश्न घातला तर निम्मा वर्ग व्याख्या बिनचूक लिहितो. त्याच मुलांना एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि तारेचा एकच तुकडा दिला आणि बल्ब पेटवा म्हटलं, की मजा सुरू होते.

म्हणून धडा सुरू करण्याआधीच हे काम कागदावर द्यावं. प्रत्येकाला कोरा कागद. सेल, बल्ब आणि तार कशी जोडली की बल्ब पेटेल, ते चित्र काढा. नाव लिहायचं, गुण नाहीत. दहा मिनिटांत कागद गोळा करून टेबलावर गठ्ठे करायचे. तीन-चारच गठ्ठे होतात. एका गठ्ठ्यात तार सेलच्या एका टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत जाते आणि तिथेच संपते, जसा नळाला पाइप लावतात तसा. दुसऱ्यात सेलच्या दोन्ही टोकांकडून वाटा निघतात खऱ्या, पण दोन्ही बल्बच्या बुडालाच टेकतात. तिसऱ्यात एक संपर्क बुडाला आणि दुसरा कडेच्या धातूच्या आट्यांना, म्हणजे बरोबर. चौथ्या गठ्ठ्यात सुंदर रंगवलेला बल्ब असतो आणि तार हवेत असते. या गठ्ठ्यांची उंची म्हणजे पहिल्या तासाचं नियोजन. पहिला गठ्ठा मोठा असेल तर परिपथ बंद असावा लागतो, इथून सुरुवात. दुसरा मोठा असेल तर मुलांना परिपथाची कल्पना आहे, बल्बच्या पोटात काय आहे ते माहीत नाही. तेव्हा भिंगातून बल्बच्या आतली तार दाखवायची. तिचं एक टोक बुडाच्या टोकाकडे जातं आणि दुसरं आट्यांकडे, एवढं कळलं की पुढचं मुलं स्वतःच करतात.

(साहित्य आणणाऱ्यांसाठी एक सूचना. दुकानदार हल्ली टॉर्चचा बल्ब म्हणून एलईडी हातात ठेवतो. साधा लाल एलईडी एका दीड व्होल्टच्या सेलवर पेटत नाही, आणि उलटा जोडला तर कितीही सेल लावा, तो प्रकाश देत नाही. मुलाची जोडणी बरोबर असते, बल्ब पेटत नाही, आणि ते मूल आपलीच कल्पना चुकीची समजून बसतं. तंतूचाच बल्ब मागून घ्यावा.)

दुसरं काम धड्याच्या मध्यावर. फळ्यावर सेल, स्विच आणि बल्बचा परिपथ काढायचा. बल्बच्या अलीकडे तारेवर ‘प’ ही खूण, पलीकडे ‘फ’. ‘प’पाशी 0.2 अँपिअर धारा आहे, तर ‘फ’पाशी किती? एक, शून्य. दोन, 0.2 पेक्षा कमी. तीन, 0.2. चार, 0.2 च, पण ती सेलच्या दुसऱ्या टोकाकडून बल्बकडे येते. डोळे मिटून, छातीजवळ बोटं धरून उत्तर द्यायचं, म्हणजे शेजाऱ्याचं बघता येत नाही. या चार पर्यायांतला एकही उगाच घातलेला नाही. मुलांच्या मनात विद्युतधारेची जी चित्रं असतात ती जगभरच्या अभ्यासकांना पुनःपुन्हा सापडली आहेत, आणि ती हीच: धारा एका तारेने येऊन बल्बात संपते, बल्ब तिचा काही भाग खातो, किंवा दोन्ही टोकांकडून दोन धारा येऊन बल्बात भिडतात आणि उजेड पडतो. चाचणीत हा प्रश्न घातला तर चुकलेल्या तिघांनाही शून्यच मिळेल. इथे मात्र एक बोट, दोन बोटं आणि चार बोटं हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे.

एक बोट दाखवणाऱ्या मुलाला कारण विचारलं तर ते अनेकदा घरातल्या वायरिंगचं देतं: ‘सर, न्यूट्रलला हात लावला तरी शॉक बसत नाही. मग तिच्यात करंट असेलच कसा?’ हा युक्तिवाद मूर्खपणाचा अजिबात नाही. निरीक्षण आहे, निष्कर्ष आहे, आणि चूक फार नेमक्या जागी आहे. न्यूट्रलमधून धारा वाहते, पण जमिनीच्या मानाने तिचं विभवांतर जवळपास शून्य असतं, म्हणून सहसा झटका बसत नाही. (जोडणी उलटी असेल किंवा न्यूट्रल तुटलेली असेल तर बसतो, तेव्हा हा प्रयोग घरी करायचा नाही हेही तिथेच बजावायचं.) विभवांतर ही कल्पना या धड्याच्या पहिल्या पानांवर शिकवून झालेली असते आणि मुलांना ती कोरडी वाटते. या एका प्रश्नाने तिला काम मिळतं. आता सांगा, हे बोलायला मूल धजावेल का, जर त्याला माहीत असेल की समोर नोंदवही उघडी आहे आणि ‘तोंडी काम’च्या रकान्यात गुण पडणार आहेत?

माझ्या सगळ्या म्हणण्याची कळ इथे आहे. आकारिक मूल्यमापनासाठी मुलाने आपलं अज्ञान उघडं करावं लागतं. संकलितसाठी ते झाकावं लागतं. एकाच कामात दोन्ही मागितलं तर मूल काय निवडेल? चौदा वर्षांचं पोर आपल्यापेक्षा हिशेबी असतं.

बोटं मोजून झाली की पुढे काय, हेही आधी ठरलेलं हवं, नाहीतर तो नुसता खेळ होतो. बहुतेकांची तीन बोटं असतील आणि दोघा-चौघांना कारणही सांगता आलं, तर पुढे चला, उरलेल्यांना मधल्या सुट्टीत गाठा. वर्ग विभागलेला असेल तर वेगळं उत्तर देणाऱ्या जोड्या लावून तीन मिनिटं भांडू द्या आणि पुन्हा बोटं मागा. दोन बोटांचाच वर्ग निघाला, आणि बऱ्याचदा तोच निघतो, तर ॲमीटर काढा. इथे एक फसगत ठरलेली आहे. ‘प’पाशी एक ॲमीटर आणि ‘फ’पाशी दुसरा लावला, तर शाळेच्या कपाटातले दोन ॲमीटर बहुधा सारखं वाचन देत नाहीत. एखाद्याचा काटा मुळातच शून्याच्या पुढे असतो. मुलं लगेच म्हणतात, ‘बघा, कमी झाली!’ म्हणून एकच ॲमीटर आधी इथे आणि मग तिथे जोडायचा. दोन बल्ब एकसरीत लावून ‘दोन्ही सारखे पेटतात’ असं दाखवायला गेलं तरी हेच. दोन बल्ब तंतोतंत सारखे नसतात, एक मंद निघतो, आणि तो नेमका दुसरा असला तर चुकीची कल्पना आणखी घट्ट होते. तेव्हा बल्बांची अदलाबदल करायची. मंद बल्ब पहिल्या जागी येऊनही मंदच राहिला, की दोष जागेचा नाही, बल्बचा आहे, हे मुलांना आपोआप दिसतं.

यानंतरच्या वह्यांवर ‘10 पैकी 6, छान प्रयत्न’ लिहून काही साधत नाही. ‘तू लिहिलंस की बल्ब थोडी धारा वापरतो. काल ॲमीटरने दोन्हीकडे काय दाखवलं? ते खरं असेल तर बल्ब नक्की काय वापरतो?’ असं लिहिलं आणि उत्तरासाठी दोन ओळी सोडल्या, तर मुलाला विचार करावा लागतो. धारा तेवढीच राहते आणि ऊर्जा खर्च होते, ही या धड्यातली सर्वांत अवघड गोष्ट, आणि ती अशा उलटप्रश्नांतून उतरते.

आता त्याच धड्याचं संकलित काम. इथे नियम बदलतात. प्रश्न नवा हवा, वर्गात जे सोडवलं तेच पुन्हा विचारलं तर आठवण तपासली जाते. सर्वांना सारखाच हवा, गुणदानाचे निकष आधी लिहिलेले हवेत, आणि दोन शिक्षकांनी तोच पेपर तपासला तर गुण जवळपास सारखे पडायला हवेत. उदाहरणार्थ: एका टॉर्चमध्ये प्रत्येकी 1.5 व्होल्टचे तीन सेल एकामागे एक आहेत, त्यांतला एक चुकून उलटा बसला आहे. बल्बला किती विभवांतर मिळेल? उत्तर 1.5 व्होल्ट, कारण उलटा सेल एका सुलट सेलला छेद देतो. जो मुलगा ‘3’ म्हणतो त्याने उलटा सेल नुसता वगळला, जो ‘4.5’ म्हणतो त्याने दिशा पाहिलीच नाही. दोघांना निकषांप्रमाणे गुण द्यायचे आणि पुढे जायचं.

दुसरा प्रश्न विद्युत घंटेचा. ‘बटण दाबल्यावर घंटेचा टोल एकदाच वाजतो आणि हातोडा टोलाला चिकटूनच राहतो. काय बिघडलं असेल? कसं तपासाल?’ तीन गुण. विद्युतचुंबक चालूच राहिला हे ओळखल्याचा एक. हातोड्याची पट्टी ओढली गेली तरी संपर्क स्क्रूपासून सुटत नाही, त्यामुळे परिपथ तुटत नाही, याचा एक. स्क्रू थोडा मागे घेऊन फट पडते का ते पाहावं, अशा तपासणीचा एक. एखादी मुलगी लिहील की गाभा मृदू लोखंडाचा नसून पोलादाचा असावा, म्हणून धारा थांबली तरी चुंबकत्व उरतं. हेही बरोबर आहे, आणि त्याची तपासणी वेगळी आहे: बटण सोडल्यावरही हातोडा चिकटलेला राहतो का ते बघायचं. हे पर्यायी उत्तर निकषांत आधीच लिहिलेलं नसेल तर एक शिक्षक तिला तीन देईल आणि दुसरा शून्य. संकलितमध्ये ही चूक गंभीर, कारण निकाल लागला की ती सुधारता येत नाही. बोटांच्या मतदानात माझा अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी कळतं आणि दुरुस्त होतं. म्हणून आकारिकला एवढी काटेकोर मापं लागत नाहीत, फक्त उद्याचा तास ठरवण्यापुरती खात्री पुरते. आपण मात्र उलटं केलं आहे: वर्गातल्या घाईच्या अंदाजांना पक्क्या गुणांचा मान दिला, आणि संकलित पेपर धड्याखालच्या स्वाध्यायातून उचलले.

आता विरोधी मुद्दे, आणि त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत. सर्वांत जड मुद्दा माझ्या प्रस्तावाच्या विरुद्धच जातो. आकारिकचे 40 काढले तर सगळा भार परीक्षेवर येतो. परीक्षेच्या दिवशी ताप असलेलं मूल, लेखी मराठी अजून हातात न बसलेलं पावरी किंवा गोंडी बोलणारं मूल, त्यांना या 40 चाच आधार होता ना? हे मान्य. पण संकलित म्हणजे मार्चमधला एकच पेपर, असं कोणी सांगितलं? प्रत्येक घटक संपल्यावर एक छोटं संकलित काम घ्या, त्यात प्रात्यक्षिक असू द्या, तोंडी असू द्या, आणि त्यांची बेरीज करा. त्या लेखणीला अडखळणाऱ्या मुलाला घंटा हातात देऊन दुरुस्त करायला सांगा आणि त्याचे गुण द्या. मुलांना आधी स्पष्ट कळू द्या की हे काम मोजलं जाणार आहे आणि बाकीची नाहीत. मला हवी आहे ती ही फारकत. गुणांचे प्रसंग कमी असावेत असा माझा आग्रह नाही.

दुसरा मुद्दा पालकांचा आणि शिक्षकांचा: गुण नाहीत म्हटल्यावर मुलं काम करणारच नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे हे खरं ठरतं, लपवण्यात अर्थ नाही. गुणांची सवय लागलेला वर्ग ‘सर, हे किती मार्कांचं?’ असंच विचारतो. पण इथे एक जुना प्रयोग आठवावा. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांचे गट केले. काहींना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच वागली. गुण आले की शेरा वाचलाच जात नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही शिक्षकाला वह्या वाटताना दिसतं.

तिसरा मुद्दा वर्गातल्या गर्दीचा. साठ मुलांत प्रत्येकाच्या मनात काय आहे ते कोण बघणार? पण गठ्ठे करायला दहा मिनिटं लागतात आणि बोटं बघायला एक. आठ रकान्यांच्या नोंदी भरायला किती लागतात ते शिक्षकांनाच विचारा. गर्दीमुळे अडतं ते वह्यांवरचं लेखन. साठ वह्यांवर रोज उलटप्रश्न लिहिणं अशक्य आहे, आणि कोणी प्रशिक्षणात तसं सांगत असेल तर तो वर्गात गेलेला नाही. आठवड्याला एका गठ्ठ्यापुरतं लिहा.

चौथा आक्षेप अभ्यासकांचा. आकारिक मूल्यमापनाचे गोडवे गाताना पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांच्या 1998 च्या आढाव्याचा दाखला दिला जातो, आणि त्यातून काढलेले परिणामांचे मोठे आकडे पुढच्या संशोधकांना टिकाऊ वाटलेले नाहीत. बरोबर आहे. मी आकड्यांवर विसंबत नाही. बल्बच्या पलीकडे धारा कमी होते असं मानणाऱ्या वर्गाला ते न कळता पुढचे चार तास शिकवणं निरर्थक आहे, हे समजायला आकडेवारी लागत नाही.

त्याच ब्लॅक यांची दुसरी गोष्ट जास्त शिकवून जाते. 1988 मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमासाठी मूल्यमापनाचा आराखडा करणाऱ्या गटाचे ते अध्यक्ष होते. त्या गटाने मुलाची प्रगती सांगायला दहा पातळ्यांची शिडी सुचवली, आणि एकाच व्यवस्थेतून शिकवण्याला मदत आणि शाळांचा हिशेब दोन्ही साधावं असं ठरलं. पुढे काय झालं? पातळ्यांच्याही उपपातळ्या पडल्या, ‘4ब’ वरून ‘4अ’ वर मूल कधी गेलं याचे तक्ते शाळा भरू लागल्या, आणि मुलाला नेमकं काय येत नाही हा प्रश्न तक्त्याबाहेर राहिला. 2014 मध्ये त्या पातळ्या रद्द झाल्या. आपल्या सीबीएसईने 2009 पासून चार आकारिक चाचण्या प्रत्येकी 10 टक्क्यांच्या आणि दोन संकलित मिळून 60 टक्क्यांच्या अशी पद्धत आणली. दिल्लीपासून पुण्यापर्यंतच्या शाळांत ‘एफए-वन’, ‘एफए-टू’ हे वर्षातल्या चार जादा परीक्षांचे नाव होऊन बसलं, शिकवण्यांनी त्यांचीही तयारी करून घ्यायला सुरुवात केली, आणि 2017 मध्ये तीही गुंडाळली गेली. वेगळे देश, वेगळी मंडळं, आणि अपघात त्याच वळणावर.

परीक्षावाद्यांचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो, आणि पुरोगामी मंडळींनी तो ऐकून घ्यावा. गावातल्या शेतमजुराच्या मुलीला आपण हुशार आहोत हे जगाला दाखवायचं असेल, तर तिला ओळखत नसलेल्या माणसाने तपासलेला पेपर हेच तिचं साधन आहे. वर्गशिक्षकाच्या ‘रुची घेते’ या नोंदीला शहरातलं कॉलेज भीक घालत नाही. अंतर्गत गुण उदारपणे वाटले जातात हे सगळ्यांना ठाऊक असल्याने तिचे खरे 38 आणि दुसऱ्याचे वाटलेले 38 एकाच भावाने विकले जातात. म्हणूनच संकलित मूल्यमापन कणखर आणि प्रामाणिक हवं, आणि आकारिकच्या गुणांनी ते पातळ होता कामा नये. पण त्याच परीक्षेने शिकवण्याचंही काम करावं, ही अपेक्षा सोडा. आठवीची वार्षिक परीक्षा सांगेल की या मुलीला विज्ञानात किती गुण मिळाले. एक बोट की दोन बोटं, हे ती सांगणार नाही, आणि पुनर्परीक्षेच्या आधी शिक्षकाला नेमकं तेच हवं असतं.

राज्यात वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी होते आणि सत्रअखेर संकलित चाचण्या. पायाभूत चाचणीचा हेतू निदानाचा आहे. तर मग तिचा निकाल शाळेकडे एकूण गुणांत न येता, कोणत्या प्रश्नाला किती मुलांनी कोणतं चुकीचं उत्तर दिलं असा यावा, आणि तो घटक शिकवायच्या आधी यावा. तालुक्यांच्या टक्केवारीचे तक्ते त्यातून काढणं बंद करावं, कारण तक्ता निघाला की पायाभूत चाचणीचीही तयारी करून घेतली जाणार. हे बदल मंत्रालयातून यायला वेळ लागेल. तोवर नियमाने मागितलेले 40 गुण शिक्षकांनी दोन-तीन जाहीर, ठरवून घेतलेल्या कामांतून द्यावेत, निकष वर्गात लावून द्यावेत, आणि बाकीच्या कागदांवर, बोटांवर, वर्गातल्या भांडणांवर गुणांचा लाल पेन फिरवू नये.